चॉकलेटचं टेंपरिंग: थर्मामीटरवर किती भरवसा ठेवायचा आणि चाचणी कशी घ्यायची

डार्क चॉकलेटच्या टेंपरिंगचे आकडे बेकरी-कन्फेक्शनरी शिकणाऱ्या कुणालाही पाठ असतात: ४५ अंशांवर वितळवा, २७-२८ पर्यंत थंड करा, पुन्हा ३१-३२ वर आणा. प्रात्यक्षिक परीक्षेत हे बरोबर सांगणाऱ्यांच्या साच्यांतूनही राखाडी, साच्याला चिकटलेल्या वड्या निघतात. थर्मामीटर फक्त तापमान सांगतो. त्या तापमानाला भांड्यात कोणत्या जातीचे स्फटिक आहेत आणि ते पुरेसे आहेत का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी चाचणी घ्यावी लागते, आणि तीही चॉकलेट साच्यात ओतण्याच्या आधी. या लेखात एक किलो डार्क कुव्हर्चर हाताने टेंपर करायचं, ओतण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यायची आणि नंतर पांढरेपणा आलाच तर त्याचं कारण शोधायचं, असा पूर्ण क्रम दिला आहे.

सुरू करण्याआधी पाकिटावरची घटकांची यादी वाचा. बाजारात साच्यात घालायची 'चॉकलेट' म्हणून मिळणारी बरीच स्लॅब कंपाउंड असते. तिच्यात कोको बटरऐवजी हायड्रोजनेटेड वनस्पती चरबी असते. तिला टेंपरिंग लागत नाही आणि इथलं काहीही तिला लागू पडत नाही. दोन्ही एकत्र करूनही वापरू नका. पाम कर्नेलची चरबी आणि कोको बटर एकमेकांत नीट बसत नाहीत, मिश्रण मऊ राहतं आणि लवकर पांढरं पडतं.

सहा रूपं, कामाचं एक

कोको बटरच्या बहुतेक रेणूंची रचना सारखीच असते: मधे ओलिक आम्ल आणि दोन्ही कडांना पाल्मिटिक किंवा स्टिअरिक. रेणू इतके सारखे असल्यामुळे ते सुबक थरांत रचले जातात, पण ही रचना एकाहून अधिक प्रकारांनी होऊ शकते. विले आणि लटन यांनी १९६६ मध्ये अशी सहा रूपं नोंदवली. त्यांचे वितळणबिंदू साधारण असे आहेत: पहिलं १७ अंश, दुसरं २३, तिसरं २५.५, चौथं २७.५, पाचवं ३४ आणि सहावं ३६. क्रमांक वाढतो तशी रचना घट्ट आणि स्थिर होत जाते.

आपल्याला पाचवं हवं असतं. ते ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून हातात घट्ट राहतं आणि तोंडात विरघळतं. ते गोठताना चांगलं आकसतं, त्यामुळे वडी साच्यापासून आपोआप सुटते. वडीला चकाकी येते आणि तोडताना कट्ट असा आवाज होतो. चौथं रूप पटकन तयार होतं, पण मऊ असतं, कमी आकसतं आणि काही दिवसांत घरातल्या तापमानालाच पाचव्यात बदलू लागतं. हा बदल वडीच्या आत, बेशिस्तीने होतो आणि पृष्ठभागावर मोठे स्फटिक उगवतात. टेंपर न केलेलं चॉकलेट एक-दोन दिवसांत डागाळतं ते यामुळे.

सहावं सगळ्यांत स्थिर आहे, तरी ते साध्या पद्धतीने वितळलेल्या चॉकलेटमधून थेट मिळत नाही. पाचव्या रूपात गोठलेली वडी महिनोन्महिने ठेवली की ती घन अवस्थेतच हळूहळू सहाव्यात जाते. लेखी परीक्षेत 'सर्वांत स्थिर रूप' आणि 'सर्वांत इष्ट रूप' हे दोन वेगळे प्रश्न म्हणून येतात आणि घाईत दोन्हींना एकच उत्तर लिहिलं जातं. सर्वांत स्थिर सहावं, सर्वांत इष्ट पाचवं.

टेंपरिंग म्हणजे द्रव चॉकलेटमध्ये पाचव्या रूपाचे बारीक स्फटिक थोड्या प्रमाणात, सगळीकडे पसरलेले असे तयार ठेवणं. साच्यात गेल्यावर उरलेलं बटर त्यांच्याच घडणीवर रचलं जातं. ३१-३२ अंश हा आकडा यातूनच येतो. या तापमानाला चौथं आणि त्याखालची सगळी रूपं वितळलेली असतात, पाचवं मात्र टिकतं. दुधाच्या चरबीमुळे ही पायरी खाली सरकते, म्हणून मिल्क चॉकलेट २९-३० वर आणि व्हाइट २८-२९ वर वापरतात.

एक किलोचं उदाहरण

सीडिंगची पद्धत घेऊ. ओट्यावर ओतून पसरवण्यापेक्षा ती आवरायला सोपी आहे, आणि भांड्यात काय चाललंय हेही तिच्यात जास्त स्पष्ट दिसतं. लागेल ते असं: डार्क कुव्हर्चर १ किलो, अर्ध्या अंशापर्यंत खरा असलेला डिजिटल थर्मामीटर, कोरडं भांडं, सिलिकॉनचा स्पॅच्युला. खोली २० ते २२ अंशांवर ठेवा. विदर्भातल्या मे महिन्यात पंख्याखाली हे काम होणार नाही. खोलीच ३४ च्या वर असेल तर पाचवं रूप गोठेलच कसं?

१. एक किलोतून ३०० ग्रॅम बाजूला काढून बारीक चिरा. ही तुमची सीड. ती चकाकणारी, नीट टेंपर झालेली, पाकिटातून आलेली असावी. पांढरी पडलेली वडी सीड म्हणून वापरू नका.

२. उरलेलं ७०० ग्रॅम डबल बॉयलरवर ४६ अंशांपर्यंत न्या आणि काही मिनिटं तिथेच ठेवा. जुने सगळे स्फटिक पुसले जाणं हा या पायरीचा हेतू आहे. ३८-४० वर चॉकलेट पातळ दिसतं म्हणून तिथेच थांबू नका. भांड्याच्या कडेला न वितळलेलं काही राहिलं, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. वाफेचा एक थेंबही आत पडू देऊ नका, साखर तो शोषते आणि चॉकलेट घट्ट गोळा होतं.

३. भांडं आचेवरून उतरवून तळ पुसा. सीडपैकी २०० ग्रॅम घालून ढवळत राहा.

सीड २२ अंशांवर आहे असं धरू. निव्वळ सरासरी काढली तर ९०० ग्रॅमचं तापमान ४०.७ यायला हवं. प्रत्यक्षात ते बरंच खाली येतं, कारण सीडमधलं घन कोको बटर वितळताना उष्णता ओढून घेतं. घन चरबी वितळायला लागणारी ही उष्णता आणखी सहा-सात अंशांची घट घडवते, म्हणून मिश्रण ३४ च्या आसपास येऊन थबकतं. हे पहिले २०० ग्रॅम चॉकलेट थंड करायच्याच कामी येतात. त्यांतले स्फटिक जवळजवळ सगळे वितळून जातात, आणि ते अपेक्षितच आहे.

४. थर्मामीटर ३४ दाखवायला लागला की उरलेले १०० ग्रॅम घाला. खरी सीड ही. दही लावताना दूध कोमट झाल्यावरच विरजण घालतो, उकळत्या दुधात घातलं तर ते जागच्या जागी मरतं. इथेही तसंच आहे. ३४ च्या खाली गेलेल्या चॉकलेटमध्ये ही सीड पूर्ण वितळू शकत नाही, तिच्यातले पाचव्या रूपाचे स्फटिक तगतात आणि ढवळण्याने सगळीकडे विखुरतात.

सगळे ३०० ग्रॅम एकदम ४६ अंशांत टाकण्याची सवय बऱ्याच जणांना असते. कधी ते जमतं, कधी नाही. खोलीचं तापमान, तुकड्यांचा आकार, ढवळण्याचा वेग यांपैकी काही बदललं की सगळी सीड संपते किंवा निम्मी गोळे होऊन राहते. दोन हप्त्यांत घालण्याचा आग्रह मी धरतो तो यासाठी.

५. ३१.५ पर्यंत येईतो ढवळत राहा, आणि तिथे पोचल्यावरही आणखी दोन-तीन मिनिटं ढवळा. ही शेवटची मिनिटं वगळू नका. ढवळण्याच्या घर्षणाने मोठे स्फटिक तुटतात आणि त्यांचे बारीक तुकडे नवी बीजं होतात. तुकडे दिसत असतील तर गाळून घ्या किंवा हेअर ड्रायरचा गरम झोत दोन-दोन सेकंद द्या, मात्र ३२.५ च्या वर जाऊ नका.

ओतण्यापूर्वीची परीक्षा

पहिली परीक्षा कागदावरची. बटर पेपरच्या पट्टीवर किंवा सुरीच्या पात्यावर चॉकलेटचा पातळ थर लावा आणि २० अंशांच्या खोलीत ठेवा. तीन ते पाच मिनिटांत तो कडेपासून आत गोठत जायला हवा. बोट लावलं तर ठसा उमटू नये आणि थरावर एकसारखी सौम्य चमक दिसावी. दहा मिनिटांनीही ओला राहिला किंवा रेघोट्या आल्या, तर स्फटिक कमी आहेत. लगेच गोठला पण मंद, जाडसर दिसला आणि भांड्यातलं चॉकलेटही दाट झालंय, तर स्फटिक जास्त झालेत.

ही परीक्षा खोलीच्या तापमानावर अवलंबून आहे, हे विसरलं जातं. २८ अंशांच्या खोलीत उत्तम टेंपर झालेला थरही रेंगाळतो आणि तुम्ही विनाकारण सीड वाढवत बसता. फ्रिजमध्ये ठेवून बघितलं तर उलट फसगत होते. तिथे टेंपर न झालेला थरही चटकन घट्ट होतो, फक्त तो चौथ्या किंवा त्याखालच्या रूपात गोठलेला असतो.

दुसरी परीक्षा थंड होण्याच्या आलेखाची. कारखान्यातला टेंपर मीटर हेच करतो, आणि शिकताना हाताने केली तर समज पक्की होते. पातळ धातूच्या छोट्या कपात किंवा परीक्षानळीत १५ ग्रॅम टेंपर केलेलं चॉकलेट घ्या. थर्मामीटरची सळई बरोबर मधोमध, कडांना न टेकता उभी करा. कप बर्फाच्या पाण्यात धरा आणि दर १५ सेकंदांनी तापमान लिहून काढा. न ढवळता. मग कागदावर वेळ आडवी आणि तापमान उभं घेऊन बिंदू जोडा.

रेघ आधी सरळ खाली येते, मग एका ठिकाणी तिची चाल बदलते. गोठताना बटर उष्णता बाहेर टाकतं आणि ती बर्फाच्या थंडाव्याशी झुंजते, म्हणून ही चाल बदलते. नीट टेंपर झालेल्या चॉकलेटमध्ये दोघांची बरोबरी होते. साधारण विशीच्या मधल्या अंशांवर रेघ थोडा वेळ सपाट राहते आणि मग पुन्हा उतरते. टेंपर कमी असेल तर गोठायला बीजंच नसल्यामुळे तापमान आधी बरंच खाली जातं. मग एकदम पुष्कळ बटर गोठतं आणि रेघ वर उचलली जाते. एक-दोन अंशांची ही उडी दिसली की ओतू नका. टेंपर जास्त असेल तर बरंचसं बटर आधीच गोठलेलं असतं, बाहेर पडायला उष्णता थोडीच उरते आणि रेघ सपाट न होता नुसती तिरकी खाली जाते.

घरगुती मांडणीतल्या आकड्यांची दुसऱ्याच्या आकड्यांशी तुलना करू नका. कप, वजन, बर्फ बदललं की सपाटीचं तापमान बदलतं. आकार मात्र बोलतो. एकाच कपात एकदा मुद्दाम सीड न घालता आणि एकदा नीट टेंपर करून दोन्ही रेघा काढून ठेवा, पुढच्या प्रत्येक घाण्यासाठी ती तुमची पट्टी.

कमी टेंपर निघाला तर ३२ च्या आसपास आणखी २०-३० ग्रॅम बारीक सीड घालून ढवळा आणि परीक्षा पुन्हा घ्या. जास्त निघाला तर सीड न घातलेलं, ४० अंशांवरचं थोडं चॉकलेट मिसळा. तेच तंत्र काम चालू असतानाही लागतं. ३१.५ वर नुसतं ठेवलेलं चॉकलेटही स्थिर नसतं, त्यात स्फटिक वाढत राहतात आणि अर्ध्या-पाऊण तासात ते दाट होऊ लागतं. तापमान बरोबर असूनही शेवटचे साचे खराब निघतात त्यामागे बहुधा हेच असतं.

थंड करणं

भरलेले साचे १२ ते १५ अंशांच्या, कोरड्या, वारा खेळता असलेल्या जागी ठेवा. पातळ वड्यांना पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पारदर्शक साचा उलटा करून खालून बघा: सुटलेला भाग धुरकट, फिकट दिसतो आणि चिकटलेला भाग गडद, ओला दिसतो. सगळी वडी सुटल्याशिवाय ठोकून काढू नका.

घरचा फ्रिज ४-५ अंशांवर असतो. तिथे वरचा थर इतक्या वेगाने थंड होतो की टेंपर चांगला असूनही काही बटर खालच्या रूपात गोठतं. दुसरा धोका बाहेर काढताना आहे. पावसाळ्यात मुंबईत २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर हवेचा दवबिंदू २४ च्या आसपास असतो. त्याहून थंड असलेल्या वडीवर पाणी जमणारच. वातानुकूलित खोलीत २२ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला दवबिंदू ११ च्या जवळ येतो, तिथे १५ अंशांची वडी बिनधास्त काढता येते.

पांढरेपणा आला तर

आधी तो चरबीचा आहे की साखरेचा, हे ठरवा. डागावर बोट हलकेच टेकवून ठेवा. चरबीचा ब्लूम बोटाच्या उबेने वितळून नाहीसा होतो आणि स्पर्श तुपकट लागतो. साखरेचा तसाच राहतो आणि खरखरीत लागतो. मग दुसऱ्या डागावर पाण्याचा बारीक थेंब ठेवा. साखर असेल तर थेंब ती विरघळवत पसरतो, चरबी असेल तर मणी होऊन बसतो. साखरेचा ब्लूम म्हणजे वडीवर पाणी जमलं आणि सुकलं. त्याचा टेंपरिंगशी संबंध नाही.

चरबीचा ठरला तर तो कधी आला आणि कुठे आला, या दोन प्रश्नांत कारण सापडतं. दोन-तीन दिवसांत, मोठे गोल राखाडी डाग आणि तोडल्यावर आत भुसभुशीत दाणा दिसला, तर टेंपर नव्हताच. प्रवासानंतर एकाच बाजूला आला, तर वडी वाटेत तापून अर्धवट वितळली आणि स्वतःच्या मनाने पुन्हा गोठली. अनेक महिन्यांनी सगळीकडे सारखा, बारीक धुक्यासारखा आला, तर पाचव्याचं सहावं होतंय.

चौथा प्रकार सर्वांत जास्त चुकीचा ओळखला जातो. बदामाच्या प्रॅलिनेचं सारण भरलेल्या वड्या घ्या. बाहेर काढताना चकाकत होत्या, आलेखाची रेघ सपाट होती, आणि सहा आठवड्यांनी पांढऱ्या पडल्या. पांढरेपणा तळाच्या पातळ थरावर आणि बाजूला जिथे कवच बारीक आहे तिथेच. त्याच घाण्यातल्या सारण नसलेल्या वड्या मात्र स्वच्छ. दोन्ही वड्या एकाच भांड्यातल्या असल्याने टेंपरिंगवर दोष जात नाही. बदामाचं तेल खोलीच्या तापमानाला द्रव असतं. ते कवचात शिरतं, तिथलं थोडं कोको बटर विरघळवतं आणि त्याला पृष्ठभागाकडे घेऊन जातं. तिथे ते सावकाश, मोठ्या स्फटिकांत गोठतं. कवच पातळ तिथे हा प्रवास लवकर पुरा होतो.

इथे टेंपरिंग आणखी काटेकोर करून फरक पडणार नाही. तळाचा थर जाड करा. सारणात थोडं कोको बटर घालून तेही टेंपर करूनच भरा, म्हणजे तेल आतच अडकून राहतं. साठवण १८ अंशांवर आणा. पाककृतीला चालत असेल तर कवचासाठी थोडी दुधाची चरबी असलेलं चॉकलेट वापरा. ती पाचव्याकडून सहाव्याकडचा प्रवास मंदावते, पण वडी किंचित मऊ करते.

हे उपाय तपासायला महिने थांबायचं नसेल तर चक्राची चाचणी लावा. प्रत्येक बदलाच्या काही वड्या १८ अंशांवर तुलनेसाठी ठेवा आणि तितक्याच वड्या १२ तास २० अंश, १२ तास ३० अंश अशा चक्रात फिरवा. रोज त्याच दिव्याखाली, त्याच अंतरावरून फोटो काढा. रंगमापक असेल तर त्याने दिलेल्या L*, a*, b* या रंगाच्या आकड्यांवरून शुभ्रता निर्देशांक असा काढतात:

```
WI = 100 − √[(100 − L*)² + a*² + b*²]
```

वरचं तापमान ३२-३३ च्या पुढे गेलं तर चाचणी बाद समजा. तिथे पाचवं रूपच वितळतं आणि तुम्ही साठवणीऐवजी वितळण्याची परीक्षा घेत बसता. शिवाय या चाचणीतून दोन बदलांपैकी कोणता बरा एवढंच कळतं, वडी किती महिने टिकेल हे नाही.

प्रयोगशाळेत रूप थेट बघायचं असेल तर डीएससी या, तापवताना नमुना किती उष्णता घेतो ते मोजणाऱ्या यंत्रात थंड पात्याने कापलेली काही मिलिग्रॅमची चकती ठेवून ती सावकाश तापवतात. पाचव्या रूपाचं शिखर ३३-३४ च्या जवळ येतं. नमुना बोटांनी दाबला किंवा कुटला तर त्या उबेनेच रूप बदलतं. आणि तापवण्याचा वेग फार कमी ठेवला तर चौथं रूप यंत्रातच पाचव्यात बदलून खोटी ग्वाही देतं. पक्कं उत्तर क्ष-किरण विवर्तनातून मिळतं, पण त्याआधी थंड पाण्याने साखर धुऊन काढावी लागते, नाहीतर तिची शिखरं चरबीची शिखरं झाकतात.

चरबीचा ब्लूम आलेली साधी वडी खायला सुरक्षित असते आणि वायाही जात नाही. पुन्हा ४६ वर नेऊन नव्याने टेंपर करा. सारण भरलेल्या वडीचं कवच मात्र या कामाला घेऊ नका. त्यात बदामाचं तेल मुरलेलं असतं आणि ते ज्या घाण्यात जाईल तो मऊ राहील. ते ब्राउनी किंवा केकच्या मिश्रणात वापरून टाका.